मदत हवी आहे: शिलाई मशीनचा एकच व्हिडिओ अचानक चालला, पण प्रेक्षक बाकीच्या व्हिडिओंकडे वळत नाहीत

शिवणघर
यूट्यूबवर शिवणकामाचं मराठी चॅनल आहे. एकूण ६४ व्हिडिओ. त्यांतले २० मशीन दुरुस्तीचे, ३० ब्लाउज कटिंगचे, उरलेले रांगोळीचे आणि सणांचे. दीड वर्षापूर्वीचा 'खालून टाका सैल येतो, धाग्याचे गुंते होतात' हा ६ मिनिटं ४० सेकंदांचा व्हिडिओ गेल्या शुक्रवारपासून सुटलाय. आधी दिवसाला चाळीस-पन्नास व्ह्यूज असायचे, पाच दिवसांत १ लाख १० हजार झाले. सबस्क्रायबर २,३०० चे २,९०० झाले. बाकीचे व्हिडिओ मात्र जिथे होते तिथेच.

त्या व्हिडिओला एंड स्क्रीन लावलेली नाही, कमेंटही पिन केलेली नाही. शेवटी 'हे व्हिडिओ पण बघा' असा १५ सेकंदांचा तुकडा जोडायचा आणि शीर्षक थोडं बदलायचं असा विचार आहे. चॅनल अजून पार्टनर प्रोग्रॅममध्ये नाही. आधी काय करू?

रीलवाला
ताई, एंड स्क्रीन आत्ताच्या आत्ता लावा, त्यासाठी पुन्हा अपलोड लागत नाही. चार घटक बसतात, चारही भरा: तीन व्हिडिओ आणि एक सबस्क्राइबचं बटण. व्हिडिओच्या जागी `Best for viewer` निवडा, म्हणजे कोणाला काय दाखवायचं ते यूट्यूबच ठरवेल. शीर्षकात 'व्हायरल' घाला. आणि खालच्या वर्णनात सगळ्या व्हिडिओंच्या लिंका टाकून द्या.

गणूभाऊ
४,००० तास भरले का ते आधी बघा. १,००० सबस्क्रायबर तर कधीच पार झालेत. तास भरले असतील तर आजच अर्ज करा, नाहीतर ही लाट फुकट जाईल.

शिवणघर
गणूभाऊ, तास भरत आलेत, तो अर्ज करणारच आहे. प्रश्न पैशाचा नाही. आलेला माणूस दुसरा व्हिडिओ बघत नाही, हा आहे.

कॅमेऱ्यामागे
रीलवाल्यांची पहिली ओळ बरोबर आहे, पुढचं मला पटत नाही. क्रमाने सांगतो.

तुकडा जोडण्याचा विचार सोडून द्या. अपलोड झालेल्या व्हिडिओत स्टुडिओच्या एडिटरमधून काही कापता येतं, शेवटी नवं चित्रीकरण चिकटवता येत नाही. त्यात तुमचा व्हिडिओ १ लाख व्ह्यूजच्या पुढे गेलाय आणि चॅनल पार्टनर प्रोग्रॅममध्ये नाही. अशा व्हिडिओत कापलेलं जतन होईलच असं नाही, चेहरे धूसर करण्यापुरती मोकळीक असते. तुकडा जोडून नव्याने चढवलात तर तो शून्यापासून सुरू होणारा वेगळा व्हिडिओ होईल आणि लोक जुन्यावरच येत राहतील. एंड स्क्रीन, कार्डं, पिन कमेंट आणि वर्णन यांना ही अडचण नाही, ते केव्हाही बदला.

शीर्षकाला आणि थंबनेलला हात लावू नका. लोक नेमकं तेच बघून टिचकी देत आहेत.

आता मुख्य गोष्ट. हा माणूस तुमच्या चॅनलवर आलेला नाही, तो खालून सैल येणाऱ्या टाक्यावर उपाय शोधत आलाय. त्याच्यासमोर चार दारं उघडलीत, त्यात एक रांगोळीचं, तर तो एकाही दारातून आत जाणार नाही. `Best for viewer` मध्ये यूट्यूब त्या प्रेक्षकाच्या आवडीनुसार तुमचा कुठलाही व्हिडिओ पुढे करू शकतं, निवड तुमच्या हातात राहत नाही. तुम्हाला एकच व्हिडिओ हवाय, आणि तो म्हणजे ही अडचण सुटल्यावर त्याच मशीनवर त्याच माणसाला येणारी पुढची अडचण.

दोन गोष्टी बघून इथे लिहा. कमेंटमध्ये लोक सर्वाधिक काय विचारतात? आणि प्रेक्षक टिकण्याच्या आलेखात रेषा कुठे खाली घसरते?

गच्चीबाग
माझंही असंच झालंय. कढीपत्त्याचा ४० सेकंदांचा शॉर्ट ३ लाखांवर गेला. वर्णनात मोठ्या व्हिडिओची लिंक दिली आहे, पण त्यावर दाबलं तर काहीच उघडत नाही. कमेंटमध्ये टाकून बघितली, तिथेही तेच.

कॅमेऱ्यामागे
गच्चीबाग, शॉर्ट्सचं गणित वेगळं आहे. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून शॉर्टच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंका दाबता येत नाहीत. शॉर्टला एंड स्क्रीन नाही, कार्डही नाही. स्टुडिओत त्या शॉर्टच्या तपशिलात `Related video` हा रकाना आहे, तिथे कढीपत्त्याचाच मोठा व्हिडिओ जोडा. मग शॉर्टवर त्याची दाबता येणारी लिंक दिसते. रकाना दिसत नसेल तर सेटिंगमध्ये `Feature eligibility` उघडून प्रगत सुविधा चालू आहेत का ते बघा. गणूभाऊंच्या मुद्द्याला जोडून: शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेला वेळ ४,००० तासांत धरत नाहीत.

शिवणघर
कमेंट वाचल्या. शेवटच्या २०० पैकी ७१ जणांचा प्रश्न एकच: 'टेन्शन घट्ट केलं, गुंते थांबले, पण आता वरचा धागा तुटतो.' त्याखालोखाल मधे मधे टाका सुटतो, असं ३८ जण म्हणतात. ब्लाउजबद्दल चौघांनी विचारलंय, रांगोळीबद्दल कोणीच नाही.

आलेख ३ मिनिटं ५० सेकंदांना एकदम खाली येतो. शेवटपर्यंत साधारण १८ टक्के पोचतात.

'वरचा धागा सारखा तुटतो' हा व्हिडिओ माझ्याकडे आहे. दिवसाला सहा-सात व्ह्यूज.

कॅमेऱ्यामागे
मग उत्तर तुमच्या कमेंटमध्येच आहे. खालच्या बाजूला गुंते होतात ते बहुतेक वेळा वरचं टेन्शन सैल असल्यामुळे. लोक तुमचं बघून चकतीचा स्क्रू आवळतात, जरा जास्तच आवळतात, आणि वरचा धागा तुटायला लागतो. म्हणजे पहिल्या व्हिडिओतूनच दुसऱ्याची गरज तयार होते आहे. असा जोड मिळाला की बाकी सगळं त्याच्या मागे लावायचं.

३:५० ला तुमचा उपाय सांगून संपत असणार. हातात मशीन उघडं ठेवून बघणारा माणूस तिथेच उठतो. नुसत्या एंड स्क्रीनवर भिस्त ठेवलीत तर १०० पैकी १८ जणांनाच ती दिसेल, आणि त्यांतल्या शंभरात पाचांनी दाबलं तरी हाती एकच प्रेक्षक लागला. म्हणून कार्ड लावा, आणि ते घसरणीच्या आधी, साधारण ३:३५ ला. एका व्हिडिओत पाच कार्डं चालतात, तुम्ही एकच ठेवा. कार्डावरचा मजकूर 'आवळल्यावर धागा तुटतो?' इतका नेमका हवा. 'हेही पहा' वाचून कोणी दाबत नाही.

पिन कमेंट त्याहून जास्त उपयोगी पडेल, कारण अडलेला माणूस कमेंट उघडतोच. त्या ७१ जणांच्याच शब्दांत एक ओळ लिहा आणि खाली एकच लिंक द्या. लिंक सुट्या व्हिडिओची नको, प्लेलिस्टमधल्या व्हिडिओची द्या, म्हणजे तो संपल्यावर यादीतला पुढचा सुरू होईल:

```
https://www.youtube.com/watch?v=VIDEO_ID&list=PLAYLIST_ID
```

यादी लहान ठेवा. आधी धागा तुटतो, मग टाका सुटतो, मग तेल कुठे आणि किती. वीसही व्हिडिओ कोंबू नका. इथे हमखास दोन चुका होतात. शेअर करून घेतलेल्या लिंकमध्ये `list=` आलेलंच नसतं, किंवा यादी खासगी राहिलेली असते. स्वतःच्या खात्यातून सगळं नीट दिसतं, म्हणून लॉगिन नसलेल्या खिडकीत उघडून तपासा.

एंड स्क्रीनही लावाच. ती शेवटच्या ५ ते २० सेकंदांत बसते. तिथे तुमचे हात टाका दाखवत असतील तर घटक त्यावर येऊ देऊ नका, कोपऱ्यात घ्या आणि ८ सेकंदच ठेवा. धागा तुटण्याचा व्हिडिओ आणि सबस्क्राइबचं बटण, एवढं दोनच.

संकलक_सुमेधा
एक राहिलं. चॅनलचं पहिलं पान. सबस्क्राइब न केलेल्यांना वर जो व्हिडिओ दिसतो, तो तुमच्याकडे रांगोळीचा आहे, आत्ताच बघितला. तिथे मशीनचा ठेवा आणि पहिली ओळ मशीन दुरुस्तीच्या यादीची करा. ब्लाउज दुसऱ्या ओळीत.

रोज व्हिडिओ टाकण्याच्या मोहात पडू नका. आणि या आठवड्यात रांगोळीचा तर टाकूच नका. नव्या ६०० जणांसमोर तो गेला आणि त्यांनी दुर्लक्ष केलं तर सुरुवातच वाईट होते. माझं मत विचाराल तर रांगोळीसाठी वेगळं चॅनलच काढा.

रीलवाला
वेगळ्या चॅनलचं पटत नाही. २,३०० जुने सबस्क्रायबर दोन्ही बघून आलेत, त्यांना का तोडायचं? आठवडाभर थांबणं ठीक. चार घटकांचं मात्र मागे घेतो, कमेंटचे आकडे बघितल्यावर एकच दार बरोबर वाटतं.

संकलक_सुमेधा
जुने दोन्ही बघतात हे गृहीत आहे. रांगोळीच्या एखाद्या व्हिडिओवर सबस्क्रायबर आणि इतर यांचा बघण्याचा वेळ वेगळा काढून बघा, मग ठरवा.

शिवणघर
सहा दिवसांनंतरची स्थिती. कार्ड ३:३५ ला, पिन कमेंट, दोन घटकांची एंड स्क्रीन, पहिलं पान, सगळं केलं. पहिल्या दिवशी यादी खरंच खासगी राहिली होती, लॉगिन नसलेल्या खिडकीत कळलं. धागा तुटण्याचा व्हिडिओ दिवसाला सातावरून ९०० च्या आसपास गेलाय. त्याच्या ट्रॅफिक सोर्समध्ये सुचवलेल्या व्हिडिओंखाली त्या व्हायरल व्हिडिओचं नाव आता सगळ्यात वर आहे. एंड स्क्रीनवर दाबण्याचं प्रमाण ४ टक्के. 'टाका सुटतो'वर मात्र दिवसाला ६० च.

कॅमेऱ्यामागे
म्हणजे पहिल्या जोडावरून लोक येतात, दुसऱ्यावर अडतात. धागा तुटण्याच्या व्हिडिओचा आलेख उघडा. घसरण जिथे असेल तिच्या पंधरा सेकंद आधी 'टाका सुटतो'चं कार्ड लावा, तिथली पिन कमेंटही बदला. तपशिलाचे आकडे साधारण दोन दिवस मागे असतात, तेव्हा उद्याच बघून कार्ड हलवू नका.

शिवणघर
तिथली घसरण २:१० ला आहे, सुई बदलून दाखवते तिथे. लावते. आणखी एक, नव्या कमेंटमध्ये मोटर लावलेल्या मशीनबद्दल पंचवीसेक जणांनी विचारलंय. त्यावर माझा व्हिडिओच नाही.

कॅमेऱ्यामागे
मग या आठवड्यातला एकमेव नवा व्हिडिओ तोच. पहिल्या दहा सेकंदांत गुंते झालेला टाका दाखवा, म्हणजे तिकडून आलेल्याला आपण योग्य जागी आहोत हे लगेच कळेल. आणि शेवटचे दहा सेकंद हात बाजूला घेऊन चित्र मोकळं सोडा, एंड स्क्रीन बसवायला.