अनुभव धागा: "जर-तर" लावून टाळलेलं काम खरंच सुरू झालं का? तुमचं सांगा

येळवशी (लातूर)

वडील जाऊन दोन वर्षं होत आली तरी शेताची वारस नोंद केली नव्हती. काम तसं अवघड नाही, मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, अर्ज, मग तलाठी नोंद घेतो, नोटीस निघते, पंधरा दिवसांत कुणाची हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. हे सगळं मला तोंडपाठ होतं बगा. तरी दोन वर्षं मी काय म्हणायलो, तर येळवस झाली की करू, मग हरभरा निघाला की करू, मग पोराची परीक्षा झाली की करू. बायको म्हणाली तुमची येळवस दरवर्षी येते, नोंद काय होईना.

मधी एका ट्रेनिंगमधी जर-तरचं ऐकलं. म्हणजे "हे काम करायचंय" असं नुसतं न म्हणता "अमुक घडलं की मी लगेच तमुक करणार" असं एका वाक्यात ठरवून टाकायचं. मी म्हणलं हे तर मी दोन वर्षं करायलोच की, "येळवस झाली की". मग ध्यानात आलं, येळवस अमक्या मिनिटाला संपते असं काही नसतं, रानातून घरी आलो, भज्जी खाऊन झोपलो, दुसऱ्या दिवशी ऑफिस. अन् "करू" म्हणजे नेमकं काय करू? सगळी नोंदच? तलाठ्याकडं जायचं म्हणलं तर आधी कागद पायजेत, कागद दादांच्या पेटीत, पेटी माडीवर. खरी भीती तलाठ्याची नव्हतीच, पेटीची होती. अन् तिच्यानंतर ताईला करायच्या फोनची, कारण दोन्ही बहिणींची नावं लागणार अन् त्यावरून घरात आधी एकदा बोलाचाली झालेली.

मग वहीत लिहिलं: शनिवारी पोराला ट्युशनला सोडून घरी आलो अन् गाडी स्टँडला लावली, की चपला न काढता माडीवर जाऊन पेटी खाली आणून बाजेवर ठेवायची. बास. उघडायची असं लिहिलंच नव्हतं. त्या शनिवारी गाडी स्टँडला लावली तसं वाक्य आपोआप डोक्यात आलं, चपला घालून माडीवर गेलो म्हणून आई ओरडली पण पेटी खाली आली. खाली आलेली पेटी कोण न उघडता ठेवतंय. दाखला वरच होता, खाली दादांचा चष्मा. अर्धा तास तसाच बसलो.

फोनचं मात्र पहिल्यांदा फसलं. "पेटी आवरली की ताईला फोन" असं लिहिलं, फोन केला, तिनं उचलला नाही, मी म्हणलं सुटलो. आठ दिवस गेले. मग दुसरं वाक्य जोडलं, ताईनं नाही उचलला तर तिथंच उभ्याउभ्या व्हॉइस मेसेज टाकायचा, "ताई, दादांच्या नोंदीचं बोलायचंय, तुजं अन् माईचं नाव घालायलोय". तिचा उलट फोन दहा मिनिटात आला. काय बोलली ते इथं नको. अर्ज दिलाय, नोटिशीचे दिवस चालूयत.

तुमच्यापैकी कुणी असं करून बघितलंय का? जमलं ते बी सांगा अन् फसलं ते बी.

मोसंबीवाला (जालना)

मी हे कधीपासून करतो. माझं दुकान आहे, महिन्याचा हिशोब सीएकडं पाठवायचा जीव जातो. तर मी ठरवलं, हिशोब पूर्ण केला तर चौकातली मिसळ खायची, नाही केला तर नाही. मस्त चालतंय. जर-तर म्हणजे हेच की, स्वतःला थोडं आमिष.

संसार_पाणी (छ. संभाजीनगर)

माझा अनुभव फसलेल्याचा आहे, आधी तो सांगते. सासूबाईंच्या ऑपरेशनचा क्लेम भरायचा होता, बिलांची पिशवी कपाटात. आमच्याकडं पाणी काही दिवसांआड येतं हे इथल्यांना माहिती आहेच, तर मी म्हटलं त्या दिवशी तसंही घरी थांबावं लागतं, म्हणून ठरवलं "नळाला पाणी आलं की पिशवी काढायची". पाणी आलं. आणि पाणी आलं की बाई काय करते? मोटर लाव, टाकी बघ, पिंप धू, कपडे भिजव, शेजारच्या काकूंचा पाइप जोडून दे. वाक्य आठवलं बरं का, अगदी वेळेवर आठवलं, पण दोन्ही हात ओले. असं दोनदा झालं आणि मी म्हटलं हे थोतांड आहे.

नंतर सुचलं की खूण चुकलीय. मग केलं, "मोटरचं बटण बंद केलं की पदराला हात पुसून पिशवी डायनिंग टेबलवर उपडी करायची". मोटर बंद केल्यावर मला नेहमी दोन मिनिटं असं नुसतं उभं राहायची सवय आहे, हुश्श म्हणून, तेवढ्या फटीत बसलं ते. टेबलवर बिलं पसरली की जेवायच्या आधी आवरावीच लागतात, मग तारखेप्रमाणे लावली गेली. फॉर्म दुसऱ्या वेळी भरला.

निवृत्त मास्तर (नांदेड)

वरच्या ताईंनी जे सांगितलं ते पुस्तकात सहज मिळत नाही. नुसती खूण घडून उपयोग नाही, ती घडते तेव्हा हात आणि डोकं मोकळं पायजे.

मोसंबीवाले, तुमची मिसळ चांगली आहे, पण तुम्ही जर आणि तरची अदलाबदल केलीय. तुमच्या वाक्यात काम "जर"मध्ये आहे आणि "तर"मध्ये मिसळ. ते बक्षीस झालं. बक्षिसानं काम उरकायचा हुरूप येईल, पण कधी उठायचं ते ठरत नाही, तो निर्णय परत तुमच्यावरच राहतो. जर-तरमध्ये काम "तर"च्या बाजूला असतं. "शटर अर्धं ओढलं की बिलांची वही काढून गल्ल्यावर ठेवायची" असं काहीतरी. मिसळ वरून घ्या की, कुणी नको म्हणलंय.

मी शाळेत मानसशास्त्र शिकवायचो म्हणून थोडं सांगतो. हे पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं काम. त्यानं आणि ब्रान्डश्टेटर बाईंनी १९९७ साली छापलेला एक प्रयोग मला आवडतो. विद्यार्थ्यांना नाताळच्या आदल्या संध्याकाळी काय केलं ते लिहून ४८ तासांच्या आत पाठवायला सांगितलं. सणाच्या दिवसात कोण लिहितंय? अर्ध्या जणांकडून फक्त कधी आणि कुठं बसून लिहिणार तेवढं आधी लिहून घेतलं. त्यांच्यातल्या साधारण पाऊण जणांनी पाठवलं, बाकीच्यांतल्या एकतृतीयांश जणांनी. इच्छा दोघांचीही होती. फरक एवढाच की त्या क्षणी "आता करू का मग करू" हा वाद मनात घालावा लागला नाही, तो आधीच मिटवलेला होता.

बँकेचा बाबू (बीड)

मग सरळ घड्याळ का नको सर? मी रात्री ९ ला अलार्म लावून ठेवतो, एका ग्राहकाला वसुलीचा फोन करायला... म्हणजे ड्युटीतला नाही, माझ्याच चुलतभावाला उसने दिलेत ते मागायला. अलार्म वाजतो, मी बंद करतो. रोज. आता तर तो वाजायच्या आधीच बंद करतो.

निवृत्त मास्तर (नांदेड)

घड्याळ चालत नाही असं नाही, वर्गाची घंटा म्हणजे घड्याळच. पण घरी ९ वाजलेले आपल्या ध्यानात यायला कुणीतरी सांगावं लागतं, आणि अलार्म बंद करणं हीच तुमची कृती होऊन बसलीय. अलार्म वाजला की बोट कुठं जातं ते आता पक्कं झालंय. नवी खूण घ्या, जिला तुम्ही अजून काही शिकवलेलं नाही.

बँकेचा बाबू (बीड)

आमच्या गल्लीतल्या देवळात हरिपाठ सुरू होतो रोज, पेटीचा पहिला सूर घरात ऐकू येतो. पण हरिपाठाच्या सुरावर भावाला पैसे मागायचे? बरं दिसंल का ते.

काळी माती (परभणी)

नमस्कार. वारस नोंदीचा विषय निघालाय म्हणून विचारतो, आमच्या फेरफारला चुलत्यानं हरकत घेतलीय, गेल्या पावसाळ्यापासून लटकलंय. आता पुढं काय करावं? कुणाच्या ओळखीचं आहे का?

येळवशी (लातूर)

@काळी माती दादा, धागा त्याचा नाही ओ. पण हरकत आली म्हणजे सुनावणी लागते, तारीख लागली का ते जाऊन विचारा अन् पोच लेखी घ्या. विचारायला जाणं टाळायलेत का तुम्ही? तसं असलं तर मग धागा तुमचाच आहे.

काळी माती (परभणी)

टाळायलो खरं.

अर्धा प्रबंध (छ. संभाजीनगर)

मी तर सगळ्यांच्या पुढची. डायरीत अकरा जर-तर लिहिले होते. चहा झाला की एक परिच्छेद, बस स्टॉपवर आले की एक संदर्भ वाचायचा, मोबाईल हातात आला तर इन्स्टा उघडायचं नाही, वगैरे वगैरे. तीन दिवस. चौथ्या दिवशी चहा झाला की काय होतं ते डायरीत बघावं लागलं. आणि "इन्स्टा उघडायचं नाही" हे वाक्य तर असं झालं की मोबाईल हातात आला की पहिल्यांदा इन्स्टाच आठवायचं.

मग दहा खोडले. एकच ठेवलं: लायब्ररीत खुर्ची ओढली की मोबाईल पालथा टाकून तिसऱ्या प्रकरणाची फाइल उघडायची आणि काल जिथं थांबले ते शेवटचं वाक्य परत टाइप करायचं. नवीन लिहायचं नाही, जुनंच टाइप करायचं. हे महिनाभर चाललं, प्रकरण निम्मं झालं. पण आता दोन आठवडे मी लायब्ररीतच जात नाहीये. खुर्चीच ओढली नाही तर पुढचं काय होणार. सर, याला काय जर-तर लावू? "सकाळी उठले की लायब्ररीत जायचं"? लावून बघितलं, उठते आणि स्वयंपाकघरात जाते.

निवृत्त मास्तर (नांदेड)

अकराचं एक केलंत ते बरोबर केलंत. डाल्टन आणि स्पिलर यांचं २०१२ चं काम तेच सांगतं, एका कामाचं असं नियोजन फायद्याचं, सहा-सहा कामांचं एकदम केलं की उलट आपल्याला किती अडचणी आहेत तेच दिसतं आणि माणूस बसतं.

लायब्ररीचं मला उत्तर येत नाही पोरी. जर-तर फक्त इच्छा आणि सुरुवात यांच्या मधली फट बुजवतं. इच्छाच आटली असली तर नुसतं वाक्य उठवणार नाही. तुला पीएचडी करायचीच आहे का, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार.

अर्धा प्रबंध (छ. संभाजीनगर)

करायची आहे. म्हणजे बहुतेक. गाईड बदललेत हो सर मधे, त्याचंही आहे. बघते.

मोसंबीवाला (जालना)

मास्तर, शटरवालं करून बघितलं. शटर अर्धं ओढलं, वही काढली, तेवढ्यात अर्ध्या शटरखालून वाकून गिऱ्हाईक आत आलं, "मालक एक किलो साखर". उद्या पूर्ण ओढून बघतो, आतून.

बँकेचा बाबू (बीड)

हरिपाठ सुरू झाला, फोन लावला. भाऊ म्हणाला मी बी तुलाच फोन करणार होतो, अजून दहा हजार पायजेत.

संसार_पाणी (छ. संभाजीनगर)

😂 बाबू, तुमच्यासाठी मास्तरांकडं अजून एक वाक्य मागा.

माझं पण एक अडलंय. क्लेमवाल्यांनी एक कागद परत मागवलाय, डॉक्टरांच्या सहीचा. ठरवलं तेच, मोटर बंद केली की दवाखान्यात फोन. काल पाण्याचा दिवस होता, पाणीच आलं नाही. आज पण नाही. पिशवी टेबलवर काढून ठेवलीय आणि मी मोटरकडं बघत बसलेय.