मदत हवी आहे : ॲपवरून रिचार्ज केला, पैसे गेले, फोनवर काहीच नाही

सायली_प : सकाळी आईच्या नंबरवर २९९ चा रिचार्ज मारला. बँकेतून पैसे कापल्याचा मेसेज आला, आईला काही आलं नाही. ती गावी एकटी आहे, फोन बंद पडायला नको. पुन्हा मारू का? लवकर सांगा.

भटक्या : कंपनी कोणती? ॲपमध्ये काय दिसतंय?

खेडेकर७ : बँकेच्या मेसेजमधला यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, सिम कंपनीच्या कस्टमर केअरला द्या, लगेच शोधून देतात.

रा_कुलकर्णी : यूटीआरवरून सिम कंपनीला काही सापडणार नाही. तुमचे पैसे बँकेतून ॲपच्या खात्यात गेले, तिथे यूपीआयचं काम संपलं. रिचार्जची मागणी वेगळी जाते, कधी भारत कनेक्ट या बिलं भरण्याच्या यंत्रणेमार्फत, कधी मधल्या ॲग्रीगेटर कंपनीकडून. सिम कंपनीची यंत्रणा नंबर आपल्याच कंपनीचा आहे का, तो प्लॅन त्या सर्कलमध्ये चालतो का ते बघते, प्लॅन चढवते आणि स्वतःचा व्यवहार क्रमांक परत पाठवते. ॲपच्या पावतीवर ऑपरेटर रेफरन्स म्हणून तो दिसतो का बघा. कस्टमर केअरला तोच द्यायचा.

खेडेकर७ : मला तर यूटीआरवरूनच पैसे परत मिळाले होते.

रा_कुलकर्णी : ते ॲपने किंवा बँकेने दिले असतील. त्यांना यूटीआर चालतो.

सायली_प : ॲपमध्ये पेमेंट सक्सेसफुल, रिचार्ज पेंडिंग आहे. रेफरन्सची जागा रिकामी.

रा_कुलकर्णी : मग पुन्हा मारू नका. मागणी पोचली पण उत्तर वाटेत हरवलं, तर प्लॅन चढला की नाही हे ॲपला कळत नाही. ते स्थिती विचारत राहतं. आधीच पैसे परत केले आणि प्लॅनही चढलेला निघाला, तर नुकसान त्यांचं, म्हणून थांबतात. तुम्ही दुसऱ्यांदा मारलात आणि पहिलाही लागला, तर दोन प्लॅन बसतील.

मोबाईलवाला_सातारा : म्हणून दुकानात या म्हणतो. दुकानदाराच्या रिचार्ज मारायच्या लापू सिमवरून मारला की मेसेज हातात.

रा_कुलकर्णी : खरं आहे, लापूचा बॅलन्स थेट कंपनीकडे असतो, मधे कोणी नाही. पण यांचे पैसे आधीच गेलेत.

नंदा_ताई : माझं वेगळंच. १०० चा टॉपअप केला तर ८१.७५ च जमा झाले! बाकीचे कुठे गेले?

भटक्या : जीएसटी आणि प्रोसेसिंग फी, ताई. त्याचा इथे संबंध नाही. सायली, नंबर पोर्ट केलाय का? ॲप कधीकधी सुरुवातीच्या आकड्यांवरून जुनीच कंपनी धरतं.

सायली_प : हो, दिवाळीत पोर्ट केला. पण ॲपने नवीनच कंपनी दाखवली होती.

रा_कुलकर्णी : मग ते कारण नाही. आधीचा प्लॅन संपलाय का?

सायली_प : आज रात्री संपतोय.

रा_कुलकर्णी : मग नवा प्लॅन रांगेत असू शकतो. जुना संपेपर्यंत काही कंपन्यांत तो चालूच होत नाही. आईच्या नंबरने कंपनीच्या ॲपमध्ये लॉगिन करा, ओटीपी तिच्याकडून घ्या, पुढचे प्लॅन बघा.

सायली_प : आई शेतात गेलीय, फोन घरी. संध्याकाळी बघून सांगते.

खेडेकर७ : तरी यूटीआर जपून ठेवा.