लिक्विडेशन किंमत: 54,000 च्या आधीच का?

> क्रिप्टो फ्युचर्समध्ये 60,000 ला 10 पट लाँग घेतलं तर भाव 10 टक्के पडल्यावर, म्हणजे 54,000 ला लिक्विडेशन, बरोबर ना?

नाही, 54,000 ला तुमचं मार्जिन पूर्ण शून्य होतं, पण एक्सचेंज तिथपर्यंत थांबत नाही. उरलेली रक्कम मेंटेनन्स मार्जिन, म्हणजे पोझिशन टिकवायला लागणारी किमान रक्कम, अधिक पोझिशन बंद करण्याची फी एवढी झाली की एक्सचेंज पोझिशन बंद करतं. बहुतेक ठिकाणी हे दोन्ही त्या क्षणीच्या मूल्यावर मोजतात, प्रवेश किमतीवर नाही, म्हणून ते छेदात येतात. आयसोलेटेड, यूएसडीटीवर चालणाऱ्या लाँगसाठी:

```
P = (E - M) / (1 - mmr - fee)
```

E प्रवेश किंमत, M दर कॉइनमागचं मार्जिन, mmr मेंटेनन्स मार्जिनचा दर, fee बंद करण्याच्या फीचा दर. मेंटेनन्स 0.5 टक्के आणि फी 0.05 टक्के धरली तर 54,000 / 0.9945 = 54,298.64. म्हणजे घसरण 10 नव्हे, साधारण 9.5 टक्के. प्रवेशाची फीही मार्जिनमधूनच कापली असेल तर M 6,000 ऐवजी 5,970 घ्या, उत्तर 54,328.81 येतं.

ज्याकडे लक्ष जात नाही ते फंडिंग, म्हणजे लाँग आणि शॉर्टवाल्यांमध्ये ठरावीक वेळाने होणारी देवाणघेवाण. आयसोलेटेडमध्ये ते सहसा त्याच मार्जिनमधून वजा होतं. 0.01 टक्का फंडिंग द्यावं लागलं की दर कॉइनमागे साधारण 6 डॉलर गेले आणि लिक्विडेशन किंमतही जवळपास तेवढीच वर सरकली. त्यामुळे पोझिशन उघडताना लिहून ठेवलेला आकडा काही दिवसांनी चुकीचा ठरतो. तुलनाही मार्क प्राइसशी, म्हणजे एक्सचेंज लिक्विडेशनसाठी धरतं त्या भावाशी करा, शेवटच्या सौद्याच्या भावाशी नको. पोझिशन मोठी असेल तर mmr वरच्या टप्प्याचा लागतो, तो आपल्या एक्सचेंजच्या तक्त्यातूनच घ्यावा.