परतावा नाकारणारा मेल: सहानुभूती आधी की नकार आधी?

काठपदर: आमचं ऑनलाइन साड्यांचं छोटं दुकान आहे. 4,850 रुपयांची साडी 3 जूनला पोचली. 14 जूनला बाईंचा मेल आला: "नणंदेला आवडली नाही, पैसे परत करा." फॉल-पिकोही झालंय. आमचा नियम 7 दिवसांचा. बाई जुन्या गिऱ्हाईक. न दुखावता नाही कसं म्हणायचं?

खडूस_मुनीम: बिलावर "विकलेला माल परत नाही" छापा. मेल लिहायची गरजच नाही.

तळटीप: तेवढ्याने सुटका नाही. माल सदोष असेल, किंवा जाहिरातीत दाखवला तसा नसेल, तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. बिलावर काहीही छापा. इथे नुसती नावड आहे, म्हणून तुमचा नियम लागू. नकार दुसऱ्याच वाक्यात द्या. सुरुवातीला चार ओळी गोड लिहिल्या की वाचणारीला वाटतं पैसे येणार, आणि मग राग दुप्पट. असं लिहा:

"नमस्कार ताई, भेट म्हणून घेतलेली साडी पसंत पडली नाही की वाईट वाटतंच. मात्र या साडीचे पैसे आम्ही परत करू शकणार नाही. ऑर्डरच्या वेळी दिलेला नियम असा: 'साडी मिळाल्यापासून 7 दिवसांत, फॉल-पिको न केलेली साडीच परत घेतली जाईल.' साडी 3 जूनला पोचली, मुदत 10 जूनला संपली, तुमचा मेल 14 तारखेचा आहे. शिवाय फॉल लागल्यावर ती नवी म्हणून विकता येत नाही. साडीत विणीचा दोष असेल किंवा रंग फोटोपेक्षा वेगळा असेल, तर उजेडात काढलेला फोटो पाठवा, ते आम्ही वेगळं तपासू."

नियम जसाच्या तसा, अवतरणात. "आमच्या धोरणानुसार" एवढंच लिहिलं की लगेच "कुठलं धोरण?" असा उलट मेल येतो. आणि ऑर्डरच्या दिवशी साइटवर जो होता तोच द्या, नंतर बदललेला नको.

खडूस_मुनीम: शेवटचं वाक्य म्हणजे आयतं निमित्त. उद्या रंग वेगळाच निघेल बघा!

तळटीप: निघू दे. खरंच वेगळा असेल तर परत घ्यावीच लागेल, मग विचारायला कशाला घाबरायचं?

गुलबक्षी: मी उलट बाजूची. माझा ड्रेस फाटकाच आला, दुकानदार म्हणतो 7 दिवस उलटले. आता?

तळटीप: तुमची गोष्ट वेगळी, तो दोष आहे. आधी दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, त्याने 48 तासांत पोच द्यायची असते. दाद नाही लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन.

काठपदर: बाईंना पुढच्या खरेदीवर 300 रुपये सूट देऊ का?

गुलबक्षी: द्या की, जुनं गिऱ्हाईक आहे.

तळटीप: याच मेलमध्ये नको. नकारासोबत सूट दिली की घासाघीस सुरू होते.

गुलबक्षी: मला नाही पटत. नुसता नकार वाचून मी तरी त्या दुकानात परत गेले नसते.