मेटा लेबलिंग: दुसऱ्या मॉडेलने सौदे गाळावेत का?

म्हापशाहून प्रश्न: निफ्टीतील शेअरांसाठी माझा नियम साधा आहे: वीस दिवसांचा उच्चांक मोडला की खरेदी, दोन टक्के नफा किंवा एक टक्का तोटा झाला की बाहेर. ४०० संकेतांपैकी १५२ यशस्वी ठरले. मेटा लेबलिंग, म्हणजे नियमाचा कोणता संकेत घ्यावा हे ठरवणारे दुसरे मॉडेल, लावल्यावर त्याने त्यांतले १८० निवडले आणि ८१ यशस्वी निघाले. यावर विश्वास ठेवावा का?

पणजीहून: माझा या पद्धतीला विरोध आहे. नियम दुबळा असेल तर तोच सुधारावा. त्यावर दुसरे मॉडेल बसवणे म्हणजे जुन्या आकड्यांना जुळवून घेण्याची आणखी एक संधी देणे होय.

मडगावहून: जुळवून घेण्याचा धोका खरा आहे, पण कामे वेगळी आहेत. दिशा नियम ठरवतो, तो सौदा घ्यावा की सोडावा एवढेच दुसरे मॉडेल सांगते, आणि नियमाने न दिलेला संकेत ते शोधू शकत नाही. मला शंका चाचणीची आहे. आपण सौद्यांची सरमिसळ करून शिकण्याचे आणि तपासणीचे भाग पाडणारे `KFold(shuffle=True)` वापरले असेल, तर सोमवारचा सौदा शिकण्याच्या भागात आणि बुधवारचा तपासणीच्या भागात गेला असणार. दोन्ही सौदे त्याच आठवड्यात उघडे असल्याने एकाचा निकाल मॉडेलला दुसऱ्याचा निकाल आधीच सांगून जातो. तपासणीच्या काळाशी ज्यांचा काळ एकमेकांत शिरतो ते सौदे शिकण्यातून वगळा, त्यानंतरचेही काही दिवस सोडा, आणि मग सोडलेल्या २२० सौद्यांकडे बघा. येण्याजाण्याचा खर्च ०.१ टक्का धरला तर शंभरात सुमारे ३७ यशस्वी झाल्यावर हिशेब बरोबरीत येतो. गाळलेले सौदे त्याखाली नसतील, तर मॉडेल फायद्याचेच सौदे टाकून देत आहे.

फोंड्याहून: मी तिमाही निकालाच्या दिवशी संकेत आला तरी सौदा घेत नाही. म्हणजे मीही हेच करतो ना?

मडगावहून: तो हाताने लावलेला गाळणा झाला. आपण न घेतलेल्या सौद्यांचे पुढे काय झाले याची नोंद ठेवली असेल, तरच त्यावरून मॉडेलला काही शिकवता येईल.

म्हापशाहून: सांगितल्याप्रमाणे पुन्हा चाचणी घेतली. १८० मध्ये आता ७० यशस्वी, सोडलेल्या २२० मध्ये ८२. खर्च वजा जाता निवडलेल्यांचे १२ टक्के आणि सोडलेल्यांचे ४ टक्के जमा होतात. आधी निवडलेल्यांचे ४५ दिसत होते आणि सोडलेले २९ ने तोट्यात होते. एकूण तेव्हाही १६ होते, आताही १६ आहेत. फार वाईट वाटले, कारण मी त्या ४५ वर भांडवल वाढवायला निघालो होतो.

पणजीहून: तर मग मॉडेल काढून टाकावे.

मडगावहून: मी इतक्यात काढणार नाही. निवडलेल्यांत शंभरी ३९ आणि सोडलेल्यांत ३७ यशस्वी, एवढा फरक ४०० सौद्यांत योगायोगानेही पडतो. सौदा पूर्ण सोडण्याऐवजी मॉडेलच्या अंदाजानुसार कमी शेअर घेऊन पाहावे, आणि मॉडेलला कोणती माहिती देता तेही सांगावे. तीच उच्चांकाची किंमत पुन्हा दिली असेल, तर नियमाला माहीत नसलेले काहीच त्याच्या हाती नाही.

म्हापशाहून: आजवर तेवढीच दिली आहे. बाजाराची एकंदर चढउतार आणि व्यवहारांची संख्या घालून पाहतो.