मदत हवी आहे: हिंदी मथळा अरबीत नेताना अडलोय

इंदूरच्या हिंदी पेपरातल्या कात्रणाचा फोटो आहे. मथळा: ‘मंडी में प्याज धड़ाम, किसान सड़क पर’. अरबीत एकाच ओळीत हवा, मूळ अंक मिळत नाही.

‘धड़ाम’ शब्दशः नेलं तर कांदाच आपटतो! म्हणून कांद्याचे भाव आणून ‘इन्हियार असआर अल-बसल’, म्हणजे ‘कांद्याचे भाव कोसळणे’, असं केलं. अरबी मथळ्यात क्रियापदाऐवजी क्रियानाम चालतंच. ‘सड़क पर’ म्हणजे कंगाल की आंदोलन? फोटो मोठा केल्यावर घडीत ‘चक्काजा’ एवढं वाचता आलं, तेव्हा आंदोलनच.

पुढे ‘वल-मुझारिऊन यक्तऊन अत-तरीक’, म्हणजे ‘आणि शेतकरी रस्ता तोडतात, अडवतात’, असं लिहिलंय, कारण घडलेल्या गोष्टीलाही तिथे वर्तमानकाळ लागतो. पण त्याच ‘तोडणे’ धातूवरून आलेलं ‘कुत्ताअ अत-तुरुक’ म्हणजे वाटमारे. माझ्या ओळीत तो वास येतो का, की ‘व-इहतिजाज अल-मुझारिईन’, म्हणजे ‘आणि शेतकऱ्यांचं आंदोलन’, असं करून दोन्हीकडे क्रियानामच ठेवू?