मदत हवी आहे: सुवर्ण रोखा सोन्यापेक्षा 7 टक्के स्वस्त दिसतोय, हे खरं आहे का?

निपाणीकर:
मंडळी, मुलीच्या शिक्षणासाठी थोडं सोनं कागदी स्वरूपात घेऊन ठेवायचं आहे. सरकारने 2024 च्या फेब्रुवारीनंतर सुवर्ण रोख्याची नवी मालिका काढलेली नाही, त्यामुळे एनएसईवर जुने रोखे बघतोय. SGBAUG28V हा एक ग्रॅमचा रोखा 14,300 ला दिसतोय. आमच्या सराफाकडे आज 24 कॅरेटचा भाव ग्रॅमला 15,450 आहे. म्हणजे सरळसरळ 7 टक्क्यांहून जास्त स्वस्त! सरकारी हमी असलेली वस्तू इतकी स्वस्त कोण विकतंय? काहीतरी गोम असणार असं वाटतंय. 20 ग्रॅम घ्यायचा विचार आहे.

बिनधास्त_पुणेकर:
गोम वगैरे काही नाही हो. लोकांना पैशांची गरज असते, विकून मोकळे होतात. डोळे झाकून घ्या. वर दरवर्षी अडीच टक्के व्याज आहेच. 7 अधिक अडीच, पहिल्याच वर्षी साडेनऊ टक्के खिशात.

दादरची_ताई:
माझ्याकडे तर याहून भारी आहे. GOLDBEES या सोन्याच्या ईटीएफचा भाव गुणिले 100 केलं की एक ग्रॅमचा भाव यायला हवा ना? तो सोन्याच्या भावापेक्षा बराच खाली येतो. म्हणजे ईटीएफवर रोख्यापेक्षा मोठी सूट आहे. मी दर महिन्याला घेतेय.

हिशेबी:
निपाणीकर, विकणाऱ्याकडे नंतर येऊ. आधी 15,450 म्हणजे काय ते बघा. सराफाने पाटीवर लिहिलेला भाव 3 टक्के जीएसटी धरून असू शकतो. रोखा सोडवताना रिझर्व्ह बँक तुम्हाला जीएसटी देत नाही. ती आयबीजेए या सराफांच्या संघटनेच्या 999 शुद्धतेच्या बंद भावाची आधीच्या तीन कामकाजाच्या दिवसांची सरासरी देते. त्यामुळे तुलना फक्त त्या भावाशी करायची. तो 10 ग्रॅमचा छापतात आणि त्यात सीमाशुल्क असतं, जीएसटी नसतो. आज 1,50,000 असेल तर ग्रॅमला 15,000. झालं, तुमचे 7.4 टक्के एका फटक्यात 4.7 वर आले.

आता 14,300 कडे या. हा शेवटच्या सौद्याचा भाव आहे. तो सौदा किती वाजता झाला ते बघितलंत का? या मालिकांमध्ये कधीकधी दिवसभरात मोजकेच सौदे होतात. सकाळी कुणीतरी चार रोखे विकून गेला आणि नंतर सोनं चढलं, तर पडद्यावर सकाळचाच भाव बसून राहतो. विकणाऱ्यांची रांग उघडा आणि 20 नगांसाठी काय मोजावं लागेल ते सांगा.

निपाणीकर:
बघितलं. शेवटचा सौदा 9:20 चा आहे. रांगेत 14,480 ला फक्त 2 नग आहेत, त्यानंतर थेट 14,560 ला 50.

हिशेबी:
म्हणजे 20 नगांची सरासरी 14,552. त्यातून आजवर साचलेलं व्याज वजा करा, कारण बाजारभावात ते आलेलंच असतं. या मालिकेचा मूळ भाव 5,334 आणि व्याजाची तारीख 11 फेब्रुवारी व 11 ऑगस्ट. आता मे महिना मध्यावर आलाय, म्हणजे साधारण 33 रुपये. उरले 14,519. खरी सूट 3.2 टक्के. रोज वहीत लिहायची असेल तर ब रकान्यात आयबीजेएचा ग्रॅमचा भाव, क मध्ये तुम्हाला प्रत्यक्ष पडणारा भाव, ड मध्ये साचलेलं व्याज:

```
=((C2-D2)/B2-1)*100
```

उत्तर उणे आलं की सूट, अधिक आलं की तुम्ही सोन्यापेक्षा महाग घेताय. तेही होतं बरं का.

आणि पुणेकर, अडीच टक्के हे 5,334 वर मिळतात, आजच्या भावावर नाही. वर्षाला नगामागे 133 रुपये. 14,550 ला घेणाऱ्याला ते एक टक्काही पडत नाही.

बिनधास्त_पुणेकर:
बरं, व्याजाचं मान्य. पण 3.2 टक्के ही पण सूटच आहे की!

हिशेबी:
आहे ना. पण ती नेहमीची आहे की नेहमीपेक्षा वेगळी, हे एका दिवसाच्या आकड्यावरून कळत नाही. ईटीएफमध्ये भाव घसरला की मोठे खेळाडू युनिट उचलून फंडाकडे देतात आणि बदल्यात सोनं घेतात, म्हणून फरक लवकर मिटतो. रोख्यात तशी सोय नाही. पाच वर्षांनंतर व्याजाच्या तारखेला मुदतपूर्व परत करता येतो, तेवढीच एक खिडकी. म्हणून दोन-तीन टक्क्यांची सूट महिनोन्महिने तशीच पडून राहू शकते. मी एकाच रोख्याकडे बघत नाही, शेजारच्या आठ-दहा मालिकांची सूट त्याच वेळी मांडतो. सगळ्याच 3 च्या आसपास असतील तर तो बाजाराचा मूड झाला. बाकीच्या 3 वर आणि एखादी 6 वर असेल, तर तिथे थांबून बघायचं. बहुतेक वेळा तिथेही जुना सौदाच निघतो.

ताई, तुमचं वेगळं आहे. तो ईटीएफ 2007 चा आहे. फंडाचा खर्च दरवर्षी त्यातल्या सोन्यातूनच कापला जातो, त्यामुळे आता 100 युनिटमागे पूर्ण ग्रॅम उरलेलं नाही. गुणिले 100 केलं की नसलेली सूट दिसणारच. ईटीएफसाठी फंडाच्या संकेतस्थळावरचा iNAV, म्हणजे युनिटमधल्या सोन्याची त्या क्षणाची किंमत बघा आणि त्याच क्षणाच्या भावाशी जुळवा.

दादरची_ताई:
अगं बाई! म्हणजे मी इतके दिवस सवलतीत घेतेय म्हणून खूष होते. iNAV शी बघितलं तर आज उलट काही पैसे जास्तच आहेत.

सराफकट्टा:
वेळेबद्दल एक भर घालतो. 23 जुलै 2024 ला अर्थसंकल्पात सोन्यावरचं सीमाशुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आणलं. त्या दुपारी रोखे धडाधड पडले आणि आमच्या ग्रुपवर "सोन्याहून स्वस्त" म्हणून एकच गलका. सगळे आदल्या संध्याकाळच्या आयबीजेए भावाशी तुलना करत होते. संध्याकाळी नवा भाव आला, 10 ग्रॅममागे तीन हजारांहून जास्त खाली, आणि सूट गायब. ज्या दिवशी शुल्क, रुपया किंवा जागतिक भाव मोठा हलतो, त्या दिवशी सोन्याचा औंसमागे डॉलरमधला भाव भागिले 31.1035, गुणिले रुपयाचा दर, त्यावर शुल्क, असा आपला आकडा आपणच काढायचा.

निपाणीकर:
हिशेबी, सराफकट्टा, आभार. एक शंका राहिली. या मालिकेची पाच वर्षं झालीत, मग आत्ता घेऊन 11 ऑगस्टच्या खिडकीत परत दिला तर 3.2 टक्के तीन महिन्यांत नाही का सुटणार?

हिशेबी:
तीन महिन्यांत सोनं 3 टक्के खाली गेलं तर काय सुटणार? शिवाय बाजारातून घेतलेल्या रोख्याला आता करमाफी नाही. 1 एप्रिल 2026 पासून ती मूळ विक्रीतच घेऊन शेवटपर्यंत ठेवणाऱ्यालाच आहे. तीन महिन्यांचा नफा तुमच्या स्लॅबनेच कापला जाईल. माझ्या मते आजच्या सुटीतला काही भाग याच कराचा आहे.

सराफकट्टा:
यावर माझं दुमत आहे. विकणाऱ्यांत मूळ घेणारेही आहेत, ते करमाफी सोडून आत्ता का विकतील? मला तर साधी ग्राहकांची टंचाई वाटते.

निपाणीकर:
तूर्त 14,480 चे ते दोन नग उचलले. बाकीच्यांसाठी 14,500 ची मर्यादा लावून ठेवलीय. शेजारच्या मालिकांची वही उद्यापासून. मुदतपूर्व परतीचा अर्ज डीमॅटवाल्यांनी ब्रोकरकडे द्यायचा की थेट डिपॉझिटरीकडे? कुणी केला असेल तर सांगा.